स्प्लिट एसीची झडप अडकली? मोटर बदलण्याआधी हे करून बघा

एसी चालू आहे, थंड हवाही येते, पण पुढची आडवी झडप जागची हलत नाही. किंवा अर्ध्यावर येऊन 'टक टक टक' करते आणि थांबते. कोणी तिला फ्लॅप म्हणतं, कोणी लूव्हर, कोणी नुसतं 'स्विंग बंद पडलं' म्हणतं. मेकॅनिकला फोन केला की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, 'मोटर गेली.' मीही ते ऐकलं, मोटर मागवली, स्वतः बसवली, आणि झडप पुन्हा त्याच जागी येऊन टकटक करू लागली. जुनी मोटर धडधाकट होती हे नंतर कळलं.

त्या फजितीनंतर मी हे यंत्र नीट समजून घेतलं. दोष असायला जागा तीनच: झडप आणि तिचे आधार, मोटर आणि तिच्या वायरी, किंवा सर्किट बोर्ड. यातली कुठली, हे ओळखायला झडप काढून मोटर रिकामी चालवून बघावी लागते. ही एक चाचणी मी आधी केली असती तर नवी मोटर आणावीच लागली नसती. खालचा सगळा क्रम तिच्याभोवती आहे.

एसी वॉरंटीत असेल तर पायरी २ पर्यंतच जा आणि कंपनीचा माणूस बोलवा. पुढचं कव्हर स्वतः उघडल्यावर वॉरंटीचा वाद घालणं अवघड जातं.

काय काय लागेल

- पक्की उभी राहणारी शिडी. खुर्चीवर स्टूल ठेवण्याचा उद्योग नको.
- मध्यम आकाराचा स्टार स्क्रू ड्रायव्हर
- टॉर्च, मऊ ब्रश, ओलं फडकं
- चिकटपट्टीचा छोटा तुकडा
- हातमोजे, कारण आतल्या कॉइलच्या पातळ पट्ट्या ब्लेडसारख्या कापतात
- साधा डिजिटल मल्टिमीटर (फक्त पायरी ५ साठी)
- मोबाइल. प्रत्येक वस्तू काढण्यापूर्वी फोटो काढा.

१. आधी यंत्र कसं चालतं ते दोन मिनिटांत

झडपेच्या एका टोकाला, युनिटच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, डबीएवढी छोटी मोटर असते. ही स्टेपर मोटर. पंख्याची मोटर वीज दिली की गरगर फिरते. ही मात्र बोर्डाकडून येणाऱ्या प्रत्येक ठोक्याला एक बारीक पाऊल टाकते. आत प्लॅस्टिकच्या बारीक दात्यांची गिअरची माळ असते. बऱ्याच मोटरांत आतला चुंबक ६४ फेऱ्या मारतो तेव्हा बाहेरचा दांडा एकदा फिरतो. म्हणून झडप संथ चालते, आणि म्हणूनच हाताने ढकलली तर घट्ट लागते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. झडप कुठे आहे हे बोर्डाला दिसत नाही. बहुतेक एसींत झडपेची जागा सांगणारा सेन्सरच नसतो. बोर्ड फक्त पावलं मोजतो. मग सुरुवात कुठून मोजायची? त्यासाठी एसी बंद करताना, आणि अनेक मॉडेलमध्ये वीज आल्यावरही, बोर्ड झडपेला बंद होण्याच्या दिशेने मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पावलं पाठवतो. झडप बंद होऊन टेकते, उरलेली पावलं वाया जातात, आणि तिथे 'शून्य' धरलं जातं. ती वाया जाणारी पावलं म्हणजेच झडप बंद होताना शेवटी ऐकू येणारा टकटक आवाज. दोन-चार सेकंद येऊन थांबत असेल तर तो दोष नव्हे.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. एक, मोटर अडकली तरी बोर्ड तक्रार करत नाही, म्हणून झडपेच्या बिघाडाला सहसा एरर कोड येत नाही. दोन, चालू एसीची झडप हाताने वरखाली केली की बोर्डाची मोजणी चुकते. त्याला वाटतं झडप उघडी आहे, प्रत्यक्षात ती अर्धी मिटलेली असते.

२. रिमोट आणि वीज: कव्हर न उघडता

हाताने झडप हलवली गेली असेल किंवा वीज मध्येच गेली असेल, तर पहिला इलाज अगदी सोपा आहे. रिमोटने एसी बंद करा. झडप थांबली की मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा, पाच मिनिटं थांबा, परत चालू करा. मोजणी नव्याने होते आणि कधीकधी गोष्ट इथेच संपते.

नसेल संपली, तर रिमोटवर हे बघा.

स्विंगचं बटण बहुतेक रिमोटवर चालू-बंद असं आळीपाळीने चालतं. झडप हलत असताना दाबलं की ती तिथेच थांबते. घाईघाईत दोनदा दाबलं तर चालू होऊन लगेच बंद. एकदाच दाबा, बीप ऐका, आणि अर्धा मिनिट तिच्याकडे बघत थांबा.

कुठली झडप हलायला हवी हेही तपासा. वरखाली होणारी आडवी झडप जवळपास सगळीकडे मोटरवर असते, पण तिच्या मागच्या उभ्या पात्या, ज्या हवा डावीउजवीकडे वळवतात, अनेक मॉडेलमध्ये हातानेच फिरवायच्या असतात. त्या स्विंग होत नाहीत म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

काही मोडमध्ये झडप मुद्दाम धरून ठेवली जाते. हीटिंग असलेल्या एसीत सुरुवातीला कॉइल गरम होईपर्यंत झडप वरच राहते, अंगावर थंड झोत येऊ नये म्हणून. ड्राय मोडमध्ये किंवा आतली स्वच्छता चालू असतानाही काही एसी स्विंग ऐकत नाहीत. म्हणून चाचणी नेहमी साध्या कूलिंग मोडमध्ये, पंखा मध्यम वेगावर ठेवून करा. तापमानाचा आकडा कितीही असो, झडपेला फरक पडत नाही.

३. कान लावा

आता खोलीतला पंखा आणि टीव्ही बंद करा, एसीच्या ज्या बाजूला मोटर आहे तिथे उभे राहा आणि स्विंग दाबा. कुठली बाजू ते ठाऊक नसेल तर आवाज आला की कळेलच.

*टकटक येते आणि झडप एका ठरावीक जागी अडते.* मोटर जोर लावते आहे, झडप कशाला तरी अडकली आहे. मोटर निर्दोष असण्याची शक्यता जास्त.

*मोटरचा मंद, एकसारखा आवाज येतो, झडप मात्र स्थिर किंवा सैल लोंबकळते.* दांडा फिरतोय पण झडपेपर्यंत पोचत नाही. झडपेचं दांड्यावर बसणारं भोक झिजलं किंवा चिरलं आहे, नाहीतर मोटरच्या आतल्या गिअरचे दाते तुटले आहेत.

*झडप जागच्या जागी थरथरते, पुढे जात नाही.* मोटरच्या आत चार कॉइल असतात, त्यांना फेज म्हणतात; त्यातली एक गायब असल्याची ही ठरलेली खूण. पाऊल पुढे पडतं आणि परत मागे येतं. दोष वायर, कनेक्टर, मोटरची कॉइल किंवा बोर्ड, यातला कुठलाही असू शकतो.

*काहीच आवाज नाही.* कनेक्टर निघालेला आहे, मोटरच्या चारही कॉइलची सामाईक लाल वायर तुटली आहे किंवा बोर्डाकडून वीजच येत नाही.

हा अंदाज झाला. कानावर भरवसा ठेवून सामान मागवू नका, मी तेच केलं होतं.

४. झडप काढा आणि मोटर रिकामी चालवा

मुख्य पायरी हीच, म्हणून इथे घाई नको.

मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा. रिमोटने बंद केलेला एसी म्हणजे बंद एसी नव्हे, बोर्डावर वीज असतेच. झडपेच्या मागे ब्लोअरचा लांब दंडगोल असतो, तो पूर्ण थांबल्याशिवाय बोट आत घालू नका.

झडप सहसा तीन ठिकाणी धरलेली असते: एका टोकाला मोटरचा दांडा, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची खुंटी, आणि मध्ये एक किंवा दोन आधार. आधी मधले आधार सोडवा. काही ठिकाणी ते बाजूला सरकवायचे असतात, काही ठिकाणी झडप हळूच पुढे ओढली की सुटतात. टॉर्च लावून बघितल्याशिवाय ओढू नका. मग झडपेला मधोमध धनुष्यासारखा हलका बाक द्या, म्हणजे खुंटीचं टोक मोकळं होतं. ते बाहेर आलं की झडप मोटरच्या दांड्यावरून सरळ रेषेत ओढून काढा. झडप जुनी, उन्हाने किंवा वयाने कडक झालेली असेल तर बाक अगदी थोडाच द्या. तडा गेला तर नवा खर्च.

काढलेली झडप हातात घेऊन नीट बघा. दांड्यावर बसणारं भोक गोल नसतं, त्याची एक बाजू सपाट असते, कारण दांडाही एका बाजूने सपाट असतो. त्या भोकाला बारीक चीर आहे का? सपाट बाजू झिजून भोक गोल झालंय का? दुसऱ्या टोकाची खुंटी शाबूत आहे का? झडप टेबलावर ठेवून बघा, मध्ये वाकलेली तर नाही?

आता मोटरच्या दांड्याला चिकटपट्टीचा छोटा तुकडा झेंड्यासारखा लावा. तो ब्लोअरपर्यंत पोचणार नाही इतका लहान असू द्या. शिडीवरून उतरा, वीज द्या, एसी चालू करा, स्विंग दाबा आणि खालूनच त्या झेंड्याकडे बघा. हात आत घालायचं काही कारण नाही.

झेंडा संथपणे, न अडखळता एका बाजूला आणि मग परत फिरला, तर मोटर, वायरी आणि बोर्ड तिन्ही ठीक आहेत. दोष झडपेत किंवा तिच्या आधारांत. पायरी ६ कडे जा. एक अपवाद आहे: गिअरचा एखादाच दाता तुटला असेल तर रिकामी मोटर फिरते आणि ओझं आलं की घसरते. अशा वेळी वीज बंद करून दांडा दोन बोटांत धरून अगदी हलकेच फिरवून बघा. चांगल्या मोटरचा दांडा घट्ट लागतो. सैल, टकटकत फिरला तर गिअर गेला. जोर मात्र लावायचा नाही, जोराने चांगला गिअरही तुटतो.

झेंडा थरथरला किंवा हललाच नाही, तर दोष विजेच्या बाजूला. पायरी ५.

आता एक सापळा, जो मला कोणी सांगितला नव्हता. रिकाम्या मोटरसकट तुम्ही एसी रिमोटने बंद केला की बोर्ड नेहमीप्रमाणे जादा पावलं पाठवतो. पण आता टेकायला झडपच नाही, म्हणून दांडा 'बंद'च्याही पुढे फिरून जातो. मग झडप परत बसवायला गेलात की भोकाची सपाट बाजू जुळतच नाही, आणि माणूस जोर लावतो. त्याऐवजी असं करा: स्विंग चालू ठेवा, झेंडा फेरीच्या साधारण मध्यावर आला की थेट मेन स्विच बंद करा, रिमोट नको. दांडा तिथेच थांबतो. त्या कोनात झडप अर्धी उघडी बसते. नंतर वीज दिली आणि एसी एकदा चालू करून बंद केला की झडप स्वतःच टेकेल, टकटक करेल, आणि मोजणी जुळेल.

५. मोटर की बोर्ड? मल्टिमीटरने ओहम मोजा

इथे पुढचं कव्हर काढावं लागतं. एमसीबी बंद करून किमान पाच मिनिटं थांबा. इनडोअर युनिटच्या त्याच डब्यात घरातली पूर्ण दाबाची वीज येते, आणि काही इन्व्हर्टर एसींत बोर्डावरचे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. इथून पुढचं प्रत्येक मोजमाप वीज बंद ठेवूनच आहे. चालू बोर्डावर प्रोब लावण्याचं काम विजेच्या कामाची सवय नसलेल्याने करू नये.

कव्हरचे दोन ते चार स्क्रू खालच्या काठाला, बऱ्याचदा छोट्या टोपणांखाली लपलेले असतात. ते काढल्यावर वरचे खटके सोडवायचे. मोटर दोन स्क्रूंवर बसलेली दिसेल. तिच्यातून पाच वायरी निघून बोर्डावरच्या पांढऱ्या कनेक्टरला जातात. बहुतेक मोटरांत एक लाल असते, ती चारही कॉइलची सामाईक. बाकी चार वायरी चार फेजच्या.

मोजण्याआधी कनेक्टर नुसता काढून परत घट्ट दाबा. सर्व्हिसच्या वेळी तो अर्धवट बसलेला राहणं हे रोजचं आहे. आत हिरवट-पांढरा थर दिसला तर पाणी किंवा साफसफाईचं रसायन आत गेलं आहे. कोरड्या ब्रशने साफ करा. वायर मोटरच्या तोंडाशी वाकून दुमडलेली असेल तर तिथे आतून तुटल्याचा संशय धरा.

मग कनेक्टर बोर्डातून काढा, मीटर २००० ओहमवर ठेवा. एक प्रोब लाल वायरीच्या पिनवर, दुसरी आळीपाळीने बाकी चार पिनांवर. १२ व्होल्टच्या या मोटरांत आकडा साधारण दीडशे ते चारशे ओहमच्या दरम्यान येतो, मोटरनुसार वेगळा. नेमका आकडा किती याला फारसं महत्त्व नाही. चारही आकडे जवळपास सारखे हवेत, एवढंच बघायचं.

वायरींचे रंग वेगळे असतील आणि सामाईक कुठली हे कळत नसेल, तरी मीटरच सांगतो. फेजच्या कुठल्याही दोन वायरींमध्ये मोजलं की वीज दोन कॉइलमधून जाते, म्हणून आकडा दुप्पट येतो. जी वायर बाकी सगळ्यांशी निम्मा आकडा दाखवते ती सामाईक.

शेजारच्या काकांच्या एसीचं उदाहरण देतो. झडप जागच्या जागी थरथरत होती आणि त्यांना सांगितलं गेलं होतं की बोर्ड गेला, पूर्ण बदलावा लागेल. काका म्हणाले, "अरे, बोर्डापेक्षा नवा एसीच घेतो." मी म्हटलं, "काका, मला फक्त अर्धा तास द्या." झडप काढून झेंडा लावला: तो पुढे-मागे थरथरत होता. मीटरवर लाल ते नारिंगी २६२, लाल ते पिवळी २६१, लाल ते निळी २६३. लाल ते गुलाबी मात्र काहीच नाही, मीटर उघडंच, म्हणजे मधली वाट तुटलेलीच दाखवत होता. मग गुलाबी वायर मोटरच्या तोंडाशी बोटाने हलवली. आकडा क्षणभर २६२ वर आला आणि गेला. कॉइल चांगली होती, वायर आतून तुटली होती. तिथे डाग द्यायला जागा नव्हती, म्हणून मोटर बदलली. बोर्डाला हातही लावावा लागला नाही.

आकडे वाचताना: एक फेज उघडी असेल तर मोटर किंवा तिची वायर गेली. चारही उघड्या असतील तर लाल वायर बघा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खूपच कमी असेल तर ती कॉइल आतून शॉर्ट झाली आहे, आणि अशी मोटर बोर्डावरचा तिला चालवणारा आयसी जाळू शकते. तेव्हा ती परत जोडून 'अजून एकदा बघू' करायचं नाही.

चारही आकडे सारखे, कनेक्टर स्वच्छ आणि घट्ट, तरी दांडा फिरत नाही? मग बोर्ड. पुष्कळ बोर्डांवर ही मोटर `ULN2003` नावाचा १६ पायांचा छोटा आयसी चालवतो. बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर तो एकटा बदलू शकतो, अख्खा बोर्ड टाकायची गरज नसते. घरी करण्यासारखं हे काम नाही, पण 'मोटरचे चारही फेज ठीक आहेत, बोर्डाकडून पावलं येत नाहीत' एवढं सांगता आलं की कारागिराचं पुढचं काम सोपं होतं.

तुमच्या एसीत उभ्या पात्यांनाही मोटर असेल आणि दोन्ही मोटरांवरचा क्रमांक आणि कनेक्टर अगदी सारखे असतील, तर आणखी सोपी खात्री आहे. वीज बंद करून दोन्ही कनेक्टर आपसांत बदला आणि चालवून बघा. दोष मोटरबरोबर गेला तर मोटर, जागीच राहिला तर बोर्ड. मात्र आधी सांगितलेली शॉर्ट मोटर असेल तर हा प्रयोग करू नका, ती दुसरं आउटपुटही जाळेल.

६. दोष झडपेत असेल तर

माझ्या एसीचं दुखणं इथे होतं. वार्षिक सर्व्हिस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी झडप अर्ध्यावर अडू लागली. सर्व्हिसवाल्याने झडप काढून धुतली, परत बसवताना दोन्ही टोकं नीट लावली, पण मधला आधार खटक्यात बसलाच नाही. आधार नसल्याने झडप मध्ये खाली झुकली आणि फिरताना तिची कड कव्हरच्या खालच्या ओठाला घासून अडू लागली. फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, खालून दिसतही नव्हता. अंगठ्याने आधार दाबला, 'टिक' झालं, संपलं.

म्हणून बिघाड सर्व्हिसनंतर लगेच सुरू झाला असेल तर आधी मधले आधार, मग कनेक्टर, आणि सगळ्यात शेवटी मोटर असा संशय घ्या. फिल्टर किंवा पुढचं पॅनल नीट बसलं नसेल तरी काही मॉडेलमध्ये ते झडपेच्या वाटेत येतं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे चिकटपणा. थंड झडपेवर दव धरतं, त्यावर धूळ बसते, स्वयंपाकाच्या वाफेतलं तेल असेल तर खुंटीच्या खाचेत काळा गम तयार होतो. झडप काढून कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. खाच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. गंज सोडवणारे स्प्रे, खोबरेल किंवा मशीनचं तेल टाकू नका. धूळ आणखी चिकटते आणि काही प्लॅस्टिक अशा तेलांनी ठिसूळ होऊन तडकतं. स्वच्छ, कोरडी खाच तेलाशिवाय उत्तम चालते.

भोक झिजलं असेल तर काही जण दांड्यावर टेप गुंडाळतात. चार दिवस चालतं, मग टेप घसरते. चिरलेल्या भोकात चिकटवणारा द्रव टाकणारेही आहेत. त्यात झडप कायमची दांड्याला चिकटते आणि पुढच्या साफसफाईला मोटरसकट निघते. नवी झडपच घ्या, मॉडेल क्रमांक देऊन.

७. नवी मोटर घ्यायचीच असेल तर

या मोटरा दिसायला इतक्या सारख्या असतात की तिथेच फसगत होते. `24BYJ48` सारखं नाव अनेकांवर असतं, पण तेवढं जुळून भागत नाही. जुन्या मोटरचं लेबल फोटोत घ्या आणि या गोष्टी पडताळा: व्होल्ट (एसीत बहुधा `DC12V`, पण दिसायला तशाच ५ व्होल्टच्याही मिळतात), दांड्याची लांबी आणि सपाट बाजूचा आकार, स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर, कनेक्टर आणि वायरींचा क्रम, आणि गिअरचं प्रमाण.

गिअरचं प्रमाण वेगळं असेल तर झडप फिरते, पण कमी उघडते किंवा जास्त. वायरींचा क्रम उलटा असेल तर त्याहून गंमत: एसी चालू केला की झडप मिटते, बंद केला की सताड उघडून टकटकत राहते. मोटर खराब नाही, पावलं उलट्या क्रमाने पडताहेत. लाल जागच्या जागी ठेवून बाकी चार वायरींचा क्रम पूर्ण उलटा केला (पहिली चौथ्या जागी, दुसरी तिसऱ्या) की दिशा सुलटते. कनेक्टरच्या पिना बारीक टोकाने खटका दाबून निघतात. क्रम विस्कटला आणि मोटर थरथरू लागली तर फोटो बघून मूळ क्रम लावा आणि पुन्हा सुरू करा.

बसवताना स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, हाताने जेमतेम घट्ट एवढंच आवळा. जास्त आवळून मोटर तिरकी झाली तर झडप पुन्हा अडेल.

८. सामान येईपर्यंत एसी कसा वापरायचा

झडप बंद किंवा जवळपास मिटलेली असताना एसी चालवू नका. थंड हवा बाहेर न पडता वरच्या जाळीतून लगेच परत आत ओढली जाते. एसीला वाटतं खोली थंड झाली. झडपेवर दव जमून पाणी ठिबकतं, हवा फारच कोंडली तर कॉइलवर बर्फही धरतो.

वीज बंद करून झडप पूर्ण काढून ठेवा आणि एसी तसाच चालवा. हवा सरळ समोर येईल, थंडावा पूर्ण मिळेल. फक्त ब्लोअर उघडा पडतो, तेव्हा युनिट खाली बसवलेलं असेल आणि घरात लहान मूल असेल तर हा मार्ग नको. काढलेली झडप कपाटावर आडवी, सपाट ठेवा. मी ती भिंतीला टेकवून उभी ठेवली होती, आठवडाभरात तिला बाक आला आणि मग तीही नवी आणावी लागली.